खुर्चीची उंची कुठून मोजायची

आमच्या वहिनीला एखादी गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही. दादा तिला एका लग्नात कसा भेटला हे विचारलंत तर ती आधी हॉलचं दार कुठल्या बाजूला होतं ते सांगेल. मी कोर्टात टायपिस्ट आहे, दिवसभर लोकांचं पाल्हाळ बोटांनी निस्तरते, आणि घरी आले की हे. मी तिला कितीदा म्हटलं असेल, "अगं, मुद्द्यावर ये." ती हसते आणि म्हणते, "वन्सं, मुद्दा कुठला ते आधी कुणाला माहीत असतं?" मला वन्सं म्हणते ती चिडवायला. घरात तिच्याशिवाय मला कुणी चिडवायची हिंमत करत नाही.

वहिनी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. तळमजल्यावर जिन्याशेजारी एक लांबट हॉल आहे, फरशी गुळगुळीत, खिडक्या वर, छताजवळ. तिथे आठवड्यातून तीनदा तिचा वर्ग भरतो. येणारी सगळी माणसं पासष्टीच्या पुढची आणि एकदा तरी पडलेली. कुणी बाथरूममध्ये, कुणी पायरीवर, एक काका तर स्वतःच्याच पलंगाजवळ. अशा माणसांना दुखण्यापेक्षा पुन्हा पडायची भीती जास्त असते. ती भीती त्यांना घरात बसवते, आणि बसून बसून मांड्या सुकतात. वहिनीच्या वर्गात मुख्य व्यायाम एकच, खुर्चीवरून उठायचं आणि परत बसायचं. दहा वेळा, मग थोडी विश्रांती, मग परत. गोलात मांडलेल्या लाकडी खुर्च्या, मध्ये वहिनी, तिच्या बरोबरीच्या दोघी मागून फिरतायत. मी एकदा बघायला गेले होते. मला वाटलं, शाळेत आम्ही हीच शिक्षा भोगली होती.

पण त्या शिक्षेने माणसं पडायची थांबत होती. वहिनीच्या विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी, त्यांना सगळे साहेब म्हणतात, रीतसर अभ्यास करायचं ठरवलं. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एक गट वर्गात, दुसरा नेहमीच्या सल्ल्यावर. बारा आठवडे व्यायाम, मग वर्षभर कोण किती वेळा पडलं याची विचारपूस. वर्गातली माणसं जवळजवळ निम्म्याने कमी पडली. लेख एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. साहेबांचं नाव पहिलं, वहिनीचं दुसरं. दादाने त्याच्या चष्म्याच्या दुकानात लेखाचं पहिलं पान काचेखाली लावलं. गिऱ्हाईक नंबर तपासायला आलं की त्यालाच वाचायला लावायचा.

आता त्या लेखात 'पद्धती' म्हणून एक भाग होता. अभ्यास कसा केला ते तिथे सांगायचं असतं, म्हणजे दुसरा कुणी तो तसाच करून बघू शकेल. वहिनीने तो भाग स्वतःच्या स्वभावाप्रमाणे लिहिला होता, लांबलचक. साहेबांनी लाल पेन काढलं. शब्दांची मर्यादा होती, आणि आकडेवारीला जागा हवी होती. "बाई," ते म्हणाले, "उठ-बस कशी करायची हे काय समजावायचं? जगातल्या प्रत्येकाला येतं." शेवटी उरली ती दोन वाक्यं. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीवर घेऊन, उठणे व बसणे, दहा वेळा, तीन फेऱ्या. बस्स.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका शहरातल्या मंडळींनी हा अभ्यास पुन्हा केला. प्रामाणिकपणे केला, हे वहिनी स्वतः सांगते. खुर्ची पंचेचाळीसची, हात छातीवर, दहा वेळा, तीन फेऱ्या. निकाल, काही फरक नाही. व्यायाम करणारे आणि न करणारे सारखेच पडले.

ते छापून आलं आणि वहिनीचा चेहराच उतरला. कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण आकडे गोड करून छापले की काय असं दवाखान्याच्या कँटीनमध्ये कुजबुजायला लोकांना काय लागतं? साहेबांनी हात वर केले. आरोग्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी मात्र सरळ पत्रच पाठवलं. इतर दवाखान्यांत असे वर्ग सुरू करायचा विचार होता, तो थांबवला आहे. इथला वर्गही, कुणीतरी बाहेरच्याने तुमच्या मदतीशिवाय हा परिणाम दाखवला नाही तर, तीन वर्षांनी बंद. हॉल रेकॉर्ड रूमला देऊ.

वर्गातल्या एका आजी वहिनीला म्हणाल्या, "मग आम्ही कुठे जायचं ग?" वहिनी घरी येऊन हे सांगत होती आणि भाजी चिरत होती. मी म्हटलं, "बोट कापून घेशील." तिने सुरी ठेवली आणि रडली. मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं ते कळत नाही. मी भाजी चिरायला घेतली.

नियतकालिकाचे संपादक भले होते म्हणायचे. त्यांनी एक वाट दिली. पद्धतीचा भाग पुन्हा सविस्तर लिहा, आम्ही तो दुरुस्ती म्हणून छापू. मग तिसरी एक तुकडी, तुम्हाला न भेटता, न विचारता, फक्त छापलेल्या मजकुरावरून अभ्यास करील. बोलायचं नाही, पत्र नाही, फोन नाही. जे काही सांगायचं ते कागदावर.

वहिनीला वाटलं, हे तर आपलंच काम. साहेबांनी कापलेलं सगळं परत घातलं. गट कसे केले, वर्ग कोण घ्यायचं, त्यांचं शिक्षण काय, एखादी बाई एक दिवस आली नाही तर काय करायचो, दोन फेऱ्यांमध्ये किती विश्रांती, दम लागला तर कधी थांबवायचो. चांगली सहा पानं झाली. पण त्या सहा पानांत असं काहीच नव्हतं जे त्या दुसऱ्या शहराने केलं नसेल. मग त्यांना का नाही जमलं? ती ते पुन्हा पुन्हा वाचायची आणि मान हलवायची. आपण रोज जे करतो ते आपल्याला दिसत नाही, हा तिचा घोळ होता. मला विचाराल तर हा घोळ सगळ्याच बायकांचा असतो, पण त्यावर कुणी लेख छापत नाही.

एका रविवारी दुपारी तिने ती पानं माझ्यासमोर टाकली. "तू कर."

"काय करू?"

"यात लिहिलंय तसं. मी एक अक्षर बोलणार नाही. तू मला काही विचारायचं नाही. जिथे अडशील तिथे स्वतःच्या मनाने कर."

"मला काय म्हातारी समजलीस?"

"पन्नाशी उलटली की तुझी. बस आता."

मी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, भिंतीला लावली आणि वाचत बसले. दादा दारात उभा राहून फुकटची करमणूक बघत होता. वहिनी समोर, ओठ घट्ट मिटून. मी हात छातीवर घेतले, उठले. मग धपकन बसले.

वहिनी झेपावलीच. दोन्ही हातांनी माझ्या खुर्चीची पाठ गच्च धरली.

"अगं, काय झालं? मेले का मी?"

"खुर्ची..." ती म्हणाली, आणि गप्प झाली.

"खुर्ची कुठे जातेय? भिंत आहे मागे!"

ती माझ्याकडे बघत नव्हती, खुर्चीच्या पायांकडे बघत होती. मग खाली फतकल मारून बसली आणि स्वतःशीच बोलायला लागली. आमच्या हॉलमध्ये खुर्चीमागे भिंत नाही. आमच्या खुर्च्या मध्ये असतात, गोलात, म्हणजे मागून फिरता येतं. फरशी गुळगुळीत, खुर्च्या हलक्या. धपकन बसलं की खुर्ची मागे सरकते. म्हणून आम्ही कुणालाच कधी धपकन बसू देत नाही. सावकाश बसा, टेकवा, अंग सोडू नका, हे आम्ही दिवसभर बोलतो. त्या दुसऱ्या मंडळींनी खुर्च्या भिंतीला लावल्या असतील. कुणीही शहाणा माणूस तेच करील, पडणारी माणसं आहेत म्हटल्यावर. आणि मग त्यांची माणसं तुझ्यासारखी बसली असतील.

"माझ्यासारखी म्हणजे?"

"पोतं टाकल्यासारखी."

दादाला हसू आवरत नव्हतं.

शरीर खाली आणताना मांडीचे स्नायू ताणत ताणत वजन पेलतात, तिने नंतर मला समजावलं, आणि पायरी उतरताना, तोल जाताना माणसाला नेमकी तीच ताकद लागते. धपकन बसलं की ते काम होतच नाही. म्हणजे सगळा व्यायाम उठण्यातच आहे असं सगळे धरून चाललेले, आणि बसणं कुणी मोजलंच नव्हतं. साहेबांनी कापलेल्या मजकुरातही ते नव्हतं, बरं का. वहिनीने ते लिहिलंच नव्हतं कधी.

पण ती लगेच लिहायला बसली नाही. आपल्याला आठवतंय म्हणून ते खरं, असं तिला चालत नाही. तिघीजणी एकसारखं शिकवतात की नाही हे तपासायला अभ्यासाच्या वेळी वर्गाचं चित्रीकरण केलेलं होतं, माणसांची परवानगी घेऊन. तिने ते सगळं काढलं. तिच्या दोन्ही सहकाऱ्यांना वेगवेगळं बसवून माणूस खाली यायला लागतो तिथपासून टेकेपर्यंतचा वेळ मोजायला लावला, एकमेकींचे आकडे न दाखवता. साधारण चार सेकंद निघाले, दोघींचेही. मग तिने लिहिलं: खुर्ची मोकळ्या जागेत, मागे आधार नाही. बसायला चार सेकंद. मोठ्याने चार मोजावेत. पाय कसे, टाचा कुठे, मागून फिरणाऱ्या बाईचे हात खुर्चीपासून किती लांब. तोंडाने काय म्हणायचं तेही शब्दशः.

साहेब खूश. ते म्हणाले, "असं लिहा ना, की सावकाश बसण्यामुळेच पडणं कमी झालं."

"ते आपल्याला माहीत नाही, साहेब."

"अहो, उघड आहे!"

"आधी उठ-बस सगळ्यांना येते हेही उघडच होतं," वहिनी म्हणाली. "पद्धतीत आपण काय केलं तेवढं लिहायचं. का झालं ते ज्याने त्याने शोधावं." साहेबांसमोर ती असं बोलली हे मला तिच्या सहकारिणीने सांगितलं, वहिनीने नाही.

पुढच्या पाच रविवारी आमच्या घरी जत्रा होती. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर, दादाच्या दुकानातला हिशेबनीस, माझी कोर्टातली मैत्रीण, सगळ्यांना तिने एकेक करून ती पानं दिली आणि समोर तोंडावर हात ठेवून उभी राहिली. जिथे कुणी अडलं तिथे एक वाक्य वाढलं. शेवटच्या रविवारी मास्तरांनी न अडता सगळं केलं, अगदी तिच्या हॉलमध्ये वर्षभर येत असल्यासारखं. दुरुस्ती छापून आली. तिसऱ्या तुकडीने काम हाती घेतलं.

आणि एके दिवशी संपादकांचा मेल आला. मी घरीच होते, वहिनीने तो मोठ्याने वाचला. तिसऱ्या तुकडीने एक प्रश्न विचारला आहे. खुर्चीची उंची पंचेचाळीस सेंटिमीटर लिहिली आहे, ती कुठून कुठपर्यंत? त्यांच्याकडच्या खुर्च्यांना गादी आहे. गादी धरून, की गादी वगळून? माणूस बसल्यावर गादी दबते. तुम्ही उत्तर देऊ शकता, आम्ही ते पोचवू. पण मग हा अभ्यास 'मूळ लेखकांच्या मदतीने' अशी नोंद होईल.

वहिनीने कपाळावर हात मारला. तिच्या हॉलमधल्या खुर्च्या लाकडी, कडक. तिथे गादी कधी नव्हतीच. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्याही लाकडी. मास्तर, हिशेबनीस, मी, सगळे कडक खुर्चीवर बसलो होतो. कुणी विचारलंच नाही.

"एक शब्द आहे," ती म्हणाली. "कडक. एवढंच लिहायचं."

"खबरदार," मी म्हटलं. "अधिकाऱ्यांनी काय लिहिलंय? मदतीशिवाय. तू एक शब्द पाठवलास की तुझा हॉल गेला. त्या आजींना काय सांगशील?"

"गादीने खुर्ची खाली जाते. खालून उठणं जास्त अवघड. गुडघ्यांवर येतं."

"डॉक्टर आहेत ना ते? बघून घेतील."

ती दोन दिवस घरात नीट जेवली नाही. मग तिने संपादकांना कळवलं की उत्तर द्यायचं नाही. गादीचा खुलासा अभ्यास संपल्यावर दुरुस्तीत घालावा. त्या तुकडीने आपल्या परीने ठरवून पुढे काम केलं. मला त्या दिवशी हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

निकाल यायला दीड वर्ष लागलं. व्यायाम करणारी माणसं कमी पडली. वहिनीच्या अभ्यासाइतकी कमी नाही, पण स्पष्ट कमी. अधिकाऱ्यांचं पत्र आलं, वर्ग चालू राहील आणि इतर दवाखान्यांतही सुरू करायचा आहे. मी दुपारी अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले. साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला होता. आजीबाई खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. वहिनी कुठे दिसेना.

ती तिच्या छोट्या खोलीत होती, समोर तो नवा लेख उघडा. मी म्हटलं, "अगं बाहेर चल, तुझी वरात काढायची बाकी आहे." तिने एक तक्ता माझ्याकडे सरकवला. किती माणसं अभ्यास मध्येच सोडून गेली, त्याचा तक्ता. वहिनीच्या वेळी जवळजवळ कुणी सोडलं नव्हतं. इथे अकरा जणांनी सोडलं होतं, सगळे व्यायामाच्या गटातले, कारण गुडघेदुखी. खाली त्या लोकांनी सरळ लिहिलं होतं: आसनाची उंची कुठून मोजायची हे मूळ लेखात दिलेले नाही, आम्ही रिकाम्या खुर्चीच्या गादीच्या वरच्या बाजूपासून मोजली. माणूस बसल्यावर आसन बरेच खाली जात होते.

"अकरा माणसं," वहिनी म्हणाली. "गुडघे दुखले म्हणून घरी गेली. आता कुठे जातील ती व्यायामाला? परत बसली असतील घरात."

गप्प बस असं मीच तिला सांगितलं होतं. कोर्टात मी रोज बघते, माणूस सल्ला देतो आणि भोगतो दुसराच.

"मी तुला अडवायला नको होतं," मी शेवटी म्हटलं. "तू बोलायला हवं होतंस."

वहिनीने डोळे पुसले, पदराने, घाईघाईत, बाहेर आवाज येत होते म्हणून.

"बोलून त्या अकरांचं भागलं असतं ग. त्यांच्या पुढच्यांनी कुणाला विचारायचं? मी बोलायला नाही, लिहायला हवं होतं."

तिने खणातून मापाची पट्टी काढली आणि हॉलमध्ये गेली. टाळ्या थांबल्या. तिने एका आजींना खुर्चीवर बसायला सांगितलं, त्या चार मोजत सावकाश बसल्या, आणि वहिनी फरशीवर गुडघे टेकून माणूस बसलेला असताना आसन जमिनीपासून किती उंच राहतं ते मोजायला लागली. मी पट्टीचं खालचं टोक धरलं.